परिचय दीड मिनिटाचा

‘आजच्या वक्त्यांना परिचयाची गरज नाही’ असे म्हणून दहा मिनिटे परिचय करून देण्याच्या रीतीचा समाचार या सदरात पूर्वी घेतला गेला आहेच. हल्ली त्यात भर अशी की, वक्त्याच्या स्लाइड आगाऊ मागवून त्यांतील परिचयाची स्लाइड जशीच्या तशी वाचली जाते, आणि वक्त्याने तीच पुन्हा पडद्यावर लावली की श्रोत्यांना एकच माणूस दोनदा भेटतो.

समजा, अंजनवेलच्या शाळेत एका निवृत्त अभियंत्याचे ‘दाभोळ प्रकल्प : १९९३ ते २००५’ या विषयावर व्याख्यान आहे. वीजखरेदीचा करार १९९३चा, पहिल्या टप्प्याची वीज १९९९ची, प्रकल्प बंद पडला २००१मध्ये आणि तो चालवण्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली २००५मध्ये.

या सनावळ्या वक्त्याच्या मालकीच्या असल्यामुळे परिचयकर्त्याने विषयाच्या स्लाइडवरून फक्त प्रश्न उचलावा : सुरू झालेली वीज दोनच वर्षांत का थांबली? पदव्या, पुरस्कार आणि समित्या यांनी भरलेल्या परिचयाच्या स्लाइडमधून त्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार सिद्ध करणाऱ्या दोनच बाबी घ्याव्यात, उदाहरणार्थ वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रातील नोकरी आणि वीजदरावरील लेखन. बाकीच्या निःशंक गाळाव्यात. तुटक नोंदींची पूर्ण वाक्ये करावीत, ‘सध्या कार्यरत’ हे अजून खरे आहे का, हे वक्त्यालाच फोन करून विचारावे, आणि रोमन लिपीत ‘ल’ व ‘ळ’ सारखेच दिसत असल्याने आडनावाचा उच्चारही त्याच फोनवर पक्का करावा. आधी प्रश्न, मग अधिकार आणि शेवटी नाव, म्हणजे टाळ्या योग्य जागी पडतात. सव्वाशे-दीडशे शब्दांत, म्हणजे साधारण दीड मिनिटात, हे सारे बसते.

स्लाइडवरचे ‘दाभोळ’ मात्र अंजनवेलमध्ये तसेच वाचणे धोक्याचे असते. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे आणि प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात. मूळ कंपनीने नाव घेतले ते पलीकडच्या बंदराचे. त्यामुळे ‘दाभोळ या नावाने ओळखला जाणारा, आपल्या गावातील प्रकल्प’ एवढी दुरुस्ती परिचयकर्त्याने केली नाही, तर मागच्या बाकावरून कोणीतरी ती करतोच, आणि व्याख्यान सुरू होण्याआधीच वाद सुरू होतो.

आभारांचा मजकूर स्लाइडवरून अर्धाच लिहिता येतो. वेळ संपल्याने वक्त्याने शेवटच्या चार स्लाइड गाळल्या, तरी ‘वायूच्या भवितव्यावर आपण टाकलेला प्रकाश’ असे आधी लिहिलेले वाक्य वाचले जाते आणि न पडलेल्या प्रकाशाबद्दल आभार मानले जातात. म्हणून विषयाचे एक वाक्य तयार ठेवून पुढची ओळ कोरी सोडावी, व्याख्यानात प्रत्यक्ष ऐकलेला एक मुद्दा तिथे पेन्सिलीने लिहावा, आणि मंडपवाले, माईकवाले व चहावाले यांचे आभार एकाच वाक्यात आटोपावेत. ती कोरी ओळ शेवटपर्यंत कोरीच राहिली, तर आभार मानणाऱ्याने व्याख्यान ऐकले नाही, असे खुशाल समजावे.