सामूहिक आंबा खरेदी : मागणीची मुदत फळाने ठरवावी

एप्रिल-मे महिन्यांत शहरांतील गृहसंकुलांमध्ये हापूस आंब्याची सामूहिक खरेदी होते. एक रहिवासी व्हॉट्सॲप गटावर यादी सुरू करतो. प्रत्येक घर सदनिका क्रमांक, डझन आणि यूपीआयने पैसे भरल्याची नोंद त्याखाली जोडत जाते. ठरलेल्या सायंकाळी प्रवेशद्वाराजवळ पेट्यांचे वाटप होते. या व्यवस्थेची चर्चा प्रामुख्याने दराभोवती फिरते. तथापि बागायतदाराचे यश दराइतकेच फळमाशीवर अवलंबून असते आणि फळमाशीचा संबंध थेट या यादीशी पोहोचतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, ३२ घरांनी मिळून ४८ डझन, म्हणजे ५७६ फळे मागविली. त्यांपैकी केवळ एक टक्का फळांत अळी निघाली, तर ती सुमारे सहा फळे होतात. घाऊक बाजारात अनेक बागांचा माल एकत्र होतो आणि सहा फळे कोणाच्या खिजगणतीतही नसतात. येथे मात्र ती सहा वेगवेगळ्या घरांत गेली, तर जवळजवळ प्रत्येक पाचव्या घरात अळी सापडते आणि कापलेल्या फळाचे छायाचित्र त्याच दिवशी सर्व ३२ घरांपर्यंत जाते.

ही अळी पेटी भरताना दिसत नाही. फळमाशीची मादी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत ती उबतात आणि अळ्या गर खाऊ लागतात. हापूस चौदा आणे पक्वतेला काढला, तर पेंढ्याच्या अढीत पिकण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. अळीची वाढही याच काळात होते. म्हणून काढणीच्या वेळी निर्दोष दिसलेले फळ ग्राहकाच्या स्वयंपाकघरात सदोष ठरते.

अशा वेळी यादीतील सर्वांत घातक ओळ असते, 'माझेही दोन डझन वाढवा'. मुदतीनंतर आलेली मागणी भागविण्याचे बागायतदारापुढे दोनच मार्ग असतात. एक तर काढणी लांबवायची. मग तयार फळे झाडावर राहतात आणि माशीला अधिक दिवस मिळतात. वळवाच्या सरी आल्यावर हा धोका आणखी वाढतो. नाही तर शेजारच्या बागेतील फळे मिसळायची. मग दोष कोठून आला, याचा मागच उरत नाही. म्हणून मागणीची मुदत ग्राहकांच्या सोयीने न ठरविता फळाच्या पक्वतेवरून ठरवावी. काढणी शुक्रवारी असेल, तर यादी बुधवारी रात्री बंद व्हावी, पैसे गुरुवारपर्यंत जमा व्हावेत आणि पैसे न भरलेली मागणी आपोआप रद्द समजावी.

याच यादीत आणखी दोन नोंदी हव्यात : काढणीची तारीख आणि बागेतील भागाचा क्रमांक. हाच क्रमांक पेटीवरही लिहावा. तक्रारीसाठी वाटपापासून दहा दिवसांची मुदत द्यावी आणि कापलेल्या फळाचे छायाचित्र मागावे, कारण प्रत्येक खराब फळ फळमाशीचे नसते. सालीवर टोचल्याची खूण, त्याभोवती मऊ तपकिरी डाग आणि आत पांढऱ्या अळ्या असतील, तर ती फळमाशी. बाहेरून फळ उत्तम, पण आतला गर फिकट, स्पंजासारखा आणि आंबूस असेल, तर तो साका. ती शरीरक्रियेतील विकृती आहे, कीड नव्हे. दोन्ही प्रसंगी ग्राहकाला भरपाई तीच द्यावी, मात्र बागेतील उपाय वेगळा असतो.

अळीच्या तक्रारी एकाच भागाच्या पेट्यांतून आल्या, तर त्या भागातील गळालेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. केवळ मिथिल युजेनॉलच्या सापळ्यावर विसंबणे पुरेसे नाही. त्यात फक्त नर अडकतात आणि आधीच मीलन झालेल्या माद्या अंडी घालतच राहतात. गळालेल्या फळांतील अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात. पुढची पिढी तेथूनच येते. त्या भागातील उरलेली फळे पुढच्या सामूहिक मागणीत घालू नयेत.

२०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तीही मालात फळमाशी आढळल्यामुळेच. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. निर्यातीच्या फळांसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया उपलब्ध आहे. परंतु तापमान काटेकोर न राखल्यास एक तर अळी जिवंत राहते किंवा फळ भाजते. त्यामुळे घरगुती भांड्यात ती करणे योग्य नाही. गृहसंकुलाला माल देणाऱ्या लहान बागायतदाराच्या हाती वेळेवर काढणी, स्वच्छ बाग आणि नेमकी नोंद एवढीच साधने उरतात. विस्तार कार्यकर्त्यांनी थेट विक्रीचे मार्गदर्शन करताना दरपत्रकाबरोबर या यादीचा नमुनाही बागायतदाराच्या हाती द्यावा.