वाट बघायची, पण तारीख लिहून

मूल तीन वर्षांचं होतं. कालपर्यंत घरभर पोपटासारखं बोलत असतं, आणि एका सकाळी उठून "आ-आ-आ-आई, पा-पा-पाणी" असं सुरू करतं. मग घरात दोन पक्ष पडतात. आजी-आजोबा म्हणतात, मोठा झाला की सुटेल आपोआप. आई-बाप म्हणतात, उद्याच डॉक्टरांकडे नेऊ. शाळेत आणि शाळेबाहेर इतकी वर्षं मुलांचं बोलणं ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की दोन्ही पक्षांचं अर्धं-अर्धं बरोबर असतं. वाट बघावी हे खरं. पण नुसती वाट बघणं आणि तारीख लिहून, लक्ष ठेवून वाट बघणं यांत फार फरक आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'बोबडं' आणि 'तोतरं' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. 'राम'ला 'लाम' म्हणणारं मूल बोबडं. त्याला तो आवाज अजून काढता येत नाही एवढंच. तोतरेपणात मुलाला शब्द माहीत असतो, आवाजही येत असतो, पण तो वाटेत अडकतो. म्हणून जिभेखालची शीर कापणं, जिभेला अक्कलकारा-मध चोळणं, तोंडात गोट्या धरायला लावणं, यांतल्या कशानेही तोतरेपणा जात नाही. कारण बिघाड जिभेत नसतोच. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत होते आणि तिथला ताल या वयात काही मुलांचा चुकतो. हे बरंचसं आनुवंशिक असतं. आई-वडिलांच्या वागण्याने, भुताच्या गोष्टीने किंवा एखाद्याची नक्कल केल्याने ते जडत नाही. इंग्रजी माध्यमाने किंवा घरात दोन-तीन भाषा बोलल्यानेही तोतरेपणा येत नाही. लोणावळ्यातल्या कितीतरी घरांत मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच जेवणाच्या ताटावर बोलली जाते, आणि तिथली बहुतेक मुलं सरळ बोलतात.

आता अडखळणं कसलं आहे ते कान देऊन ऐकायचं. "मला, मला, मला ना, तो चेंडू" असं अख्खे शब्द सहजपणे परत परत म्हणणं, मध्येच "अं" करणं, वाक्य सोडून नव्याने सुरू करणं, हे अडीच-तीन वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक मुलाचं होतं. मनातलं वाक्य लांब असतं आणि तोंडातलं अजून आखूड. तोतरेपणाची खूण वेगळी. शब्दाचा पहिला तुकडाच पुन्हा पुन्हा येतो, "प-प-प-पाणी". किंवा आवाज लांबतो, "स्स्स्साखर". किंवा तोंड उघडं राहतं आणि आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार पुष्कळदा नजरेतून सुटतो, कारण त्यात ऐकू काहीच येत नाही.

शंभरातली निदान पाच मुलं लहानपणी कधी ना कधी असं बोलतात, आणि त्यांतल्या चारांपैकी साधारण तीन पुढे मोकळी होतात. आजीचा पक्ष टिकतो तो या हिशोबावर. अडचण एवढीच की चौथं मूल कोणतं हे पहिल्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही. ते हळूहळू कळतं, आणि कळावं म्हणून लिहून ठेवावं लागतं.

आमच्या कामशेतच्या आळीतली दोन मुलं सांगते. पहिली अडीच वर्षांची मुलगी. "मी मी मी येते" असे अख्खे शब्द, कधी "बा-बा-बाबा". चेहऱ्यावर ताण नाही, स्वतःला काही होतंय याचा पत्ताच नाही, आणि घराण्यात कुणी तोतरं नाही. तिच्या आईने काही केलं नाही, फक्त लक्ष ठेवलं. दहा आठवड्यांत सगळं ओसरलं.

दुसरा मुलगा. दिवाळीनंतर सुरू झालं तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांचा. त्याची आई माझ्याकडे आली, म्हणाली, "बाई, काय करू? सासूबाई म्हणतात थांब." मी म्हटलं, "अगं, थांब की. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी सुरू झालं त्या तारखेला गोल कर. रोज रात्री दिवसभराला एक आकडा दे. अजिबात अडखळला नाही तर शून्य, फारच अडखळला तर नऊ." हा आकडा माझ्या मनचा नाही, वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ असंच मोजमाप वापरतात.

नोव्हेंबरात तीन-चार आकडे होते. डिसेंबरात पाच. जानेवारीच्या सुरुवातीला सलग नऊ दिवस एक. घरात आनंदीआनंद, सासूबाईंनी पेढे आणले. संक्रांतीच्या आसपास पुन्हा सहा. तोतरेपणा असाच भरती-ओहोटीने चालतो, आणि नेमकं हेच माणसांना फसवतं. चांगला आठवडा आला की वाटतं गेलं, वाईट आला की वाटतं शाळेत कुणीतरी घाबरवलं. कॅलेंडर समोर असेल तर तीन महिन्यांचा चढ दिसतो.

फेब्रुवारीत शब्द अडला की तो डोळे घट्ट मिटायला आणि पाय आपटायला लागला. मग पाणी मागायचं सोडून माठाकडे बोट दाखवायला लागला. त्यात त्याचा सख्खा मामा आजही अडखळत बोलतो. एवढं पाहिल्यावर मी म्हटलं, "आता थांबू नकोस." सहा महिने भरले नव्हते, चौथाच चालू होता.

म्हणजे नियम काय? तोतरेपणा सुरू होऊन सहा महिने झाले आणि आकडे उतरत नसतील तर दाखवायचं. पण जवळच्या नात्यात कुणाचा तोतरेपणा मोठेपणीही राहिला असेल, साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं असेल, किंवा बोलणं एकूणच मागे असेल, तर सहा महिन्यांचा मुहूर्त धरून बसू नये. मुलगा असेल तर थोडं अधिक सावध राहावं, कारण मुली जास्त प्रमाणात मोकळ्या होतात. मूल ताण देऊ लागलं, शब्द टाळू लागलं, किंवा "मला बोलता येत नाही" म्हणालं, तर त्याच आठवड्यात जावं. आणि डोक्याला मार लागल्यावर किंवा झटका आल्यावर अचानक बोलणं अडलं, तर तो विषयच वेगळा, तेव्हा तडक डॉक्टर गाठायचा.

जायचं कुठे? आपण मावळातले लोक पुणे आणि मुंबई यांच्या मधोमध आहोत. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं वाचा आणि श्रवण यांचं महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, एवढं विचारा. विचारायला लाजू नका.

तिथे मुलाच्या जिभेचे व्यायाम घेतील अशी या आईची कल्पना होती. प्रत्यक्षात शिकवलं तिलाच. ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेली लिडकंब नावाची पद्धत आहे, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. रोज पंधरा मिनिटं आई किंवा बाबा मुलाशी खेळत, चित्रं बघत बोलतात. मूल सरळ बोललं की अधूनमधून म्हणायचं, "वा, किती मोकळं बोललास!" अडखळल्यावर बोलून दाखवायचं ते क्वचित आणि फार हलकेच, आणि कधी, कसं, ते तज्ज्ञाने शिकवल्यावरच. वाचून घरी करून बघायची ही गोष्ट नाही, कारण प्रमाण चुकलं की ती नुसती टोचणी होते. आठवड्यातून एक भेट, आकड्यांची वही सोबत. साधारण डझन-दीड डझन भेटींनंतर भेटी विरळ होत जातात. ही पद्धत व्हिडिओ कॉलवरही तितकीच चालते असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे, त्यामुळे पावसाळ्यात लोकलचा भरवसा नसला तरी काम अडत नाही. आमचा मुलगा पुढच्या दिवाळीला शून्य-एकवर होता. सगळेच इतके उतरत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

तज्ज्ञाकडे जा किंवा थांबा, घरातलं बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून सुधारता येतं. "हळू बोल", "श्वास घे", "नीट बोल बघू" हे थांबवा. ते ऐकून मुलाला एवढंच कळतं की माझं बोलणं चुकीचं आहे. मुलाला हळू करण्याऐवजी स्वतः हळू व्हा. त्याचं वाक्य संपलं की एक क्षण थांबून मग बोला. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. प्रश्नांची सरबत्ती कमी करा. "शाळेत काय केलं? डबा खाल्ला? कोण रडलं?" याऐवजी "आज डब्यात शिरा होता ना, मला फार आवडतो" असं म्हणून गप्प बसा. त्याला वाटलं तर तो बोलेल. आणि पाहुण्यांसमोर "काकांना कविता म्हणून दाखव" हा छळ बंद करा.

पूर्वी सांगत, मुलासमोर याचा उच्चारही करू नका. त्याला कारण होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. आई-बापांनी 'तोतरा' म्हटल्यानेच मूल तोतरं होतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या देखरेखीखाली 1939 साली एका अनाथाश्रमातल्या चांगल्या बोलणाऱ्या काही मुलांनाही "तुम्ही तोतरे आहात" असं सांगून पाहिलं. ती मुलं तोतरी झाली नाहीत, पण बुजली, बोलेनाशी झाली. विद्यापीठाने 2001 साली त्याबद्दल माफी मागितली. सिद्धांत टिकला नाही, मात्र आई-बापांच्या माथी मारलेला दोष आणि ती गप्प बसण्याची शिकवण मागे उरली.

हिणवू नये हे बरोबरच आहे. पण अडकलेलं मूल रडवेलं होऊन आपल्याकडे बघतं तेव्हा आपण दुसरीकडे बघितलं, तर त्याला वाटतं काहीतरी लाजिरवाणं घडलं. त्यापेक्षा जवळ घेऊन म्हणावं, "अडकला ना शब्द? होतं कधी कधी. मी थांबलेय, तू सांग." आणि खरोखर थांबावं, गॅसवर दूध असलं तरी. गॅस बंद करता येतो.