चर्चासत्र बंद करण्याआधी दोन हजेरीपत्रकं शेजारी ठेवा

'यंदा माणसं कमी आली, आता हे वार्षिक चर्चासत्र बंद करू.' असा निर्णय नुसत्या बेरजेवर घ्यायला माझा विरोध आहे.

समजा, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात सत्र झालं. मागच्या वर्षी सह्या 80, यंदा 50. आयोजक, वक्ते आणि जेवणाची व्यवस्था पाहणारे दोन्ही वर्षी 30 असतील, तर श्रोते 50 वरून 20 वर आले. घट दिसते त्याहून मोठी आहे.

आता तारीख बघा. मागचं सत्र सप्टेंबरमध्ये होतं आणि यंदाचं जानेवारीत. भातकापणी उरकली की दिवाळीनंतर इथली कितीतरी आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. म्हणून मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून न आलेल्यांच्या नावांवर खूण करीन आणि गावात विचारीन, त्या दिवशी ही माणसं इथे होती का? बहुतेक जण बाहेरगावी असतील, तर तारीख बदलावी. घरी असूनही आले नसतील, तर मात्र सत्र त्यांच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. मग ते थांबवायला कचरू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सही सकाळी होते. जेवणानंतर किती जण बसले, हे कागद सांगत नाही. तेव्हाची डोकी वेगळी मोजा.