एका दिवसाची वेतनवाढ

आमच्या काचीगुड्याच्या शेजारचे काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. ते मूळचे नांदेडकडचे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली जन्मतारीख १ जून. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे काकांची नोकरी ३१ मे २०२५ ला संपली. तो शनिवार होता, म्हणून निरोप शुक्रवारीच झाला. भाषण हिंदी आणि तेलुगूत झालं. मी ते मराठीत सांगतो.

"माझं सगळ्यात मोठं भांडण तारखेवरूनच झालं," काका म्हणाले. "समोर बसलेल्या या साहेबांची जन्मतारीख १ जुलै, म्हणजे निवृत्ती ३० जून २०१७. वेतनवाढ मिळते १ जुलैला. हे म्हणाले, वर्षभर काम केलंय, वाढ द्या. मी फाईलवर लिहिलं, त्या दिवशी आपण सेवेत नाही, नियमात बसत नाही. टिपण बरोबरच होतं. पण तेच मी चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

"त्याआधी, १९९८ मध्ये, माझी आई उस्मानिया दवाखान्यात होती, तेव्हा रात्री डबा घेऊन येणारे हेच होते. सेवापुस्तकात हे लिहायला रकाना नसतो.

"एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वाढ वर्षभराच्या कामाची असते, दुसऱ्या दिवशी सेवेत असलंच पाहिजे असं नाही. मी अर्ज टाईप करून यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, हे आतूनच म्हणाले, टिपण वाचायला आलास का?"

हॉल हसला. मग काकांनी हिशेब सांगितला, कारण त्यांना राहवत नाही. शेवटचं मूळ वेतन ४४,९००, वाढीनंतर ४६,२००. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे २२,४५० वरून २३,१००. महिन्याला साडेसहाशे जास्त, शिवाय त्यावर महागाई भत्ता. मात्र वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासूनच, मागची थकबाकी नाही. आमच्या पिढीला ही रक्कम किरकोळ वाटेल. मला तरी भांडण पैशाचं कमी आणि "तुमचं वर्ष मोजलं नाही" याचं जास्त वाटलं.

"कार्यालयाने मला नियम शिकवले," काका म्हणाले, "तो समोरच्याला एकट्याला बसवून सांगायचा असतो, हे यांनी शिकवलं. नव्या पोरांनो, टिपण कडक लिहा, पण आधी चहा पाजा. आणि सेवापुस्तकात बायकोचं नाव चढलंय का, ते आजच बघा. मागे राहिलेल्या बाईला एका नावासाठी दाखले गोळा करत फिरताना मी पाहिलंय."

टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून साहेब म्हणाले, "थकबाकीचा अर्ज कधी टाईप करतोस?"