ड्रोनचे चित्र का अडकते? आलापल्लीच्या जंगलात उत्तर आधी झाडांत शोधा

छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप २०२१ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात उतरला आणि 'कळप आता कुठे आहे' हा प्रश्न इथल्या गावांसाठी रोजचा झाला. जमिनीवरून माग काढणाऱ्याला दाट रानात पन्नास पावलांवरचा हत्तीही दिसत नाही. म्हणून ड्रोनकडे लोक आशेने पाहतात. पण आलापल्लीच्या आसपास ड्रोन उडवणाऱ्या कोणालाही विचारा, तक्रार एकच असते. यंत्र वर जाते, जरा पुढे सरकते आणि फोनवरचे चित्र अडखळू लागते. आधी चौकटी-चौकटी दिसतात, मग चित्र गोठते आणि शेवटी पडदा करडा होतो. खोक्यावर तर 'दहा किलोमीटर' असे छापलेले असते.

मग दोष अॅपला दिला जातो किंवा मोबाइल टॉवरला. कोणी तरी 'बूस्टर' घ्यायला सांगतो. माझे मत स्पष्ट आहे: या भागात दहापैकी बहुतेक वेळा दोष ड्रोनचा नसतो, उडवणारा कुठे उभा आहे याचा असतो. त्याखालोखाल दोष अँटेना धरण्याच्या पद्धतीचा. बाहेरचा रेडिओ-गोंधळ म्हणजे इंटरफिअरन्स हे खरे कारण असते, पण ते जंगलात कमी आणि गावाच्या चौकात जास्त.

चित्रच आधी का जाते?

ड्रोन आणि हातातला रिमोट यांच्यात दोन प्रकारची वाहतूक चालते. रिमोटकडून ड्रोनकडे जाणारे हुकूम अगदी थोडक्यात असतात: वर, खाली, वळ, थांब. ड्रोनकडून रिमोटकडे येणारे चित्र मात्र दर सेकंदाला लाखो बिटांचे असते. वाट खराब झाली की जड गाडी आधी रुतते. म्हणून पडदा गोठला तरी बहुतेक वेळा यंत्र अजून ऐकत असते. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि दांड्या वेड्यावाकड्या हलवतो. चित्र नसताना दिलेला तोच हुकूम ड्रोनला फांदीत नेऊन घालतो.

बूस्टरची गोष्टही यातूनच उलगडते. रिमोटला लावलेला बूस्टर मुख्यतः रिमोटचा आवाज मोठा करतो. अडकलेले चित्र तर ड्रोनकडून येत असते आणि ड्रोनच्या पोटातला ट्रान्समीटर होता तेवढाच राहतो. शिवाय विनापरवाना वापराच्या लहरींवर किती शक्तीने प्रक्षेपण करावे याला आपल्या देशात कायद्याने मर्यादा आहे. पैसे घालवून नियम मोडायचा आणि चित्र तसेच, असा हा व्यवहार आहे.

सावलीतला माणूस

समजा, तुम्ही रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभे आहात. समोर पंधरा मीटरवर सागाची रांग आहे आणि झाडे पंचवीस मीटर उंच आहेत. आलापल्लीच्या सागासाठी ही उंची काही फार नाही. २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरलेल्या 'वनवैभव'मधली झाडे पाहताना तर मान दुखते. आता ड्रोन ८० मीटर उंचीवर नेऊन समोर न्या. तुमच्या हातापासून झाडाच्या शेंड्यावरून सरळ रेषा ओढली तर ती ८० मीटर उंचीला जेमतेम ५० मीटर अंतरावर पोहोचते. म्हणजे ड्रोन पन्नास मीटरपुढे गेला की तो तुमच्या दृष्टीने झाडाआड गेला. पुढची सगळी वाहतूक पानांतून.

आता तोच ड्रोन, तीच उंची, पण तुम्ही मागे, झाडांपासून शंभर मीटर दूर, धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या पाळीवर उभे राहा. तीच रेषा आता ८० मीटर उंचीला सुमारे ३३० मीटरवर आणि ग्रीन झोनमधल्या १२० मीटर या कमाल उंचीला सुमारे ५०० मीटरवर पोहोचते. एक पैसाही न खर्चता, जंगलापासून मागे सरकून पल्ला सहापट झाला. जंगल पाहायचे तर जंगलात शिरावे असे आपल्याला वाटते. ड्रोनच्या बाबतीत ते उलटे आहे.

पाने इतकी आडवी येतात कारण त्यांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषते. अभियंते वापरतात त्या वाइसबर्गर सूत्राने हिशेब केला तर पानांनी भरलेल्या झाडांचा चाळीस मीटरचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची शक्ती सुमारे तिसाव्या हिश्शावर आणतो. ५.८ गिगाहर्ट्झची लहर तर ऐंशीव्या हिश्शाच्या आसपास उरते. शक्ती तिसावा हिस्सा झाली की पल्ला साधारण साडेपाचपट घटतो. मोकळ्यावर तीन किलोमीटर टिकणारे चित्र साडेपाचशे मीटरवरच धाप टाकते. हा हिशेबही कोरड्या झाडांचा आहे. पावसाने भिजलेल्या रानात नुकसान आणखी वाढते.

म्हणून इथे ड्रोनला ऋतू असतो. साग पानगळीचा. उन्हाळ्यात त्याच्या काड्या उरतात आणि तेव्हा घेतलेली चाचणी उत्तम निघते. जून सरला की हातभर रुंदीची पाने येतात आणि भाद्रपदात तेच यंत्र त्याच जागी 'बिघडते'. दुरुस्तीला पाठवण्याआधी वर बघावे. रानात असताना अॅपच्या Transmission या पानावर जाऊन वारंवारता आपोआप बदलू न देता २.४ वर ठेवलेली बरी.

अँटेना म्हणजे बॅटरी नव्हे

माणसाची सहज प्रवृत्ती अशी की अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखायचे, बॅटरीचा झोत टाकावा तसे. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. रिमोटवरची साधी अँटेना ट्यूबलाइटसारखी समजा. ट्यूबलाइटचा उजेड लांबीभर, बाजूने पडतो. दोन्ही टोकांच्या टोपणांकडून जवळजवळ काहीच येत नाही. अँटेनाचेही तसेच. टोक रोखले म्हणजे नेमकी अंधारी बाजू ड्रोनकडे केली. जुन्या दूरदर्शनच्या छपरावरच्या अँटेनाच्या काड्या आठवा. त्यांची टोके टॉवरकडे नसत, काड्या टॉवरला आडव्या असत.

ड्रोन दूर आणि समोर असेल तर अँटेना उभ्या, एकमेकींना समांतर ठेवा. चपट्या असतील तर त्यांची रुंद बाजू ड्रोनकडे हवी. ड्रोन डोक्यावर आला की उभ्या अँटेनांची टोके त्याच्याकडे होतात; तेव्हा रिमोट किंवा अँटेना कलवून रुंद बाजू वर करा. काही रिमोटमध्ये वर ओढायचा फोनधारक हाच अँटेनाचा भाग असतो. तिथे फोन चेहऱ्याकडे वळवताना अँटेनाही वळते आणि हे लक्षात येत नाही.

दोन अँटेना व्ही आकारात फाकवण्याची अनेकांना हौस असते. ड्रोनच्या पायांतल्या अँटेना बहुधा उभ्या असतात. उभी लहर आडव्या अँटेनात नीट शिरत नाही. थोडा कल चालतो, पार आडवी नको. आणि रिमोट पोटाशी धरून ड्रोनकडे पाठ करू नका. माणसाचे शरीरही पाण्याचेच आहे. गाडीच्या पत्र्याआड उभे राहणेही तितकेच वाईट.

मग इंटरफिअरन्स कधी?

तीन दुखणी ओळखायची सोपी रीत आहे: चित्र अडकताना सिग्नलच्या काड्यांकडे पाहा. काड्या अंतराबरोबर किंवा झाडाआड गेल्यावर हळूहळू घटतात आणि ड्रोन वर घेतला, अँटेना वळवली की परततात, तर ती झाडांची नाही तर अँटेनाची बाब. ड्रोन तीस मीटरवर डोळ्यांसमोर असताना काड्या वरखाली उड्या मारत असतील, तर इंटरफिअरन्स. काड्या भरलेल्या असूनही चित्र मागे पडत असेल, तर दोष बहुधा फोनचा किंवा केबलचा. मेमरी कार्डावरचे चित्रण या तिन्ही प्रकारांत स्वच्छच मिळते, कारण ते ड्रोनमध्येच साठते. त्यावरून कॅमेरा ठीक आहे एवढेच कळते.

आलापल्लीच्या चौकात दुकानांचे वायफाय २.४ वर गर्दी करते. याच्या अगदी शेजारी, २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात देशात फोर-जी सेवाही चालते. तिथे थोडे दूर, मोकळ्या शेतात जाणे हा पहिला उपाय; ते जमत नसेल आणि समोर आड काही नसेल, तर ५.८ वापरून पाहा. गावाबाहेर मात्र गोंधळ करणारा बहुधा तुमच्याच हातात असतो. नेटवर्क क्षीण असले की फोन टॉवर गाठण्यासाठी आपली शक्ती वाढवतो आणि तो फोन रिमोटच्या अँटेनापासून चार बोटांवर असतो. नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. ज्या स्वस्त ड्रोनमध्ये फोन थेट वायफायने जोडतात, तिथे वायफाय पुन्हा चालू करावे लागते.

फोनचा आणखी एक शत्रू म्हणजे आपला मे महिना. आयफोनची उत्पादक कंपनी वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे हवामान सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा चाळीस सहज ओलांडतो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, पडदा मंद करतो आणि चित्र रेंगाळते. साग निष्पर्ण, सिग्नल भरपूर, तरीही लॅग, असे असेल तर फोन कव्हरमधून काढून सावलीत धरा. सावली टोपीची किंवा छत्रीची चालेल, झाडाची नको.

खर्च कशावर करावा?

हत्तींच्या मागावर ड्रोन न्यायचा तर सगळ्यात उपयोगी वस्तू दुसरा महागडा ड्रोन नव्हे, जागांची यादी आहे. प्रत्येक बीटमध्ये मामा तलावाची पाळ, बोडी, रस्त्याचे उघडे वळण, निरीक्षण मनोरा असे काही असतेच. जिथून चारी बाजूंचे शेंडे खाली राहतात अशा जागा वनखात्याने भाद्रपदात, पाने भरलेली असताना, उडवून पाहाव्यात आणि नकाशावर नोंदवाव्यात. उन्हाळ्यातली नोंद फसवी ठरेल. यादी एकदा झाली की रात्री-अपरात्री निरोप आल्यावर पथकाला जागा शोधत फिरावे लागणार नाही. खासगी हौशी उडवणाऱ्यांना वनखात्याची आणि पोलिसांची परवानगी लागेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि तरीही पडदा करडा झालाच तर? दांड्या सोडा, जीपीएस असलेला ड्रोन जागीच तरंगत राहतो. अँटेना नीट वळवा, चार पावले मोकळ्यात सरका, मग ड्रोन सरळ वर घ्या. वीस-तीस मीटर उंची वाढली की रेषा पुन्हा शेंड्यांवरून जाते आणि चित्र बहुधा परत येते. संपर्क पूर्ण तुटला तर ड्रोन स्वतःहून घरी निघतो, पण अॅपमध्ये आधी ठरवलेल्या उंचीवरूनच. ती उंची तीस मीटर असेल आणि वाटेत पस्तीस मीटरचा साग किंवा टेकडी असेल, तर यंत्र त्यालाच जाऊन धडकू शकते. उड्डाणापूर्वी ती आसपासच्या सर्वांत उंच शेंड्यापेक्षा किमान वीस मीटर जास्त ठेवावी आणि घराचे ठिकाण नोंदले जाण्याआधी ड्रोन झाडाखालून उघड्यावर आणावा, कारण पानांखाली उपग्रहांचा अंदाज चुकतो आणि परतणारा ड्रोन तुमच्यापासून काही मीटर बाजूला, नेमका फांद्यांत उतरू पाहतो.