लेबल जसंच्या तसं

ताई नातवाला सांभाळायला जर्मनीला निघाली आहे, म्हणून भाचीने या आठवड्यात गाडीतल्या बाळसीटवरच्या लेबलाचा फोटो पाठवला: ‘मामा, आईसाठी मराठीत लिहून दे.’ वर ‘R129’ म्हणजे सीट ज्या युरोपीय नियमात बसते तो नियम, आणि वर्तुळातल्या ‘E’शेजारचा आकडा म्हणजे मान्यता देणारा देश, 1 असेल तर जर्मनी. त्याखाली उंची 40 ते 105 सेंटिमीटर, वजन 18 किलोपर्यंत. इथे मी ‘साधारण’ घातलं नाही, कारण सीट गाडीच्या लोखंडी कड्यांना अडकते आणि धडकेत सीटचा व बाळाचा मिळून भार त्या कड्यांवर येतो. तोंड पुढे करायचं तर उंची 76 सेंटिमीटरच्या वर आणि वय पंधरा महिन्यांच्या वर, दोन्ही हवं. आमचा नातू तेरा महिन्यांचा, उंची 78; म्हणजे तोंड मागेच. ‘अंगाने चांगला भरलाय, पुढचं दिसू दे की त्याला,’ हे ताई म्हणणारच, पण या वयात डोकं जड आणि मान कोवळी असते. शेवटची ओळ एअरबॅगची: ती चालू असताना पुढच्या जागेवर मागे तोंड केलेली सीट ठेवू नका, मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. फुगणारी पिशवी बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवरच आदळते. ‘मृत्यू’ अशुभ वाटतो म्हणून तिथे ‘धोका’ लिहिणं चूक आहे; आजीला घाबरवायचंच आहे.