विश्लेषण : सर्दीसोबत डोळे लाल… घरी थांबायचे की डॉक्टरकडे जायचे?

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सर्दी-खोकल्याबरोबर डोळे येण्याच्या तक्रारी वाढतात. बहुतेकांचे डोळे आपोआप बरे होतात. मात्र काही लक्षणे दिसल्यास एक दिवसही वाट पाहणे महागात पडू शकते. ती कोणती, याविषयी…

डोळे येतात म्हणजे काय होते?

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू यांवर पातळ पारदर्शक आवरण असते. त्याला सूज आली की तेथील रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. सर्दी, घसादुखी, थोडा ताप आणि पाणावलेले डोळे असे एकत्र आले, तर बऱ्याचदा अॅडिनोव्हायरस कारणीभूत असतो. हा विषाणू घशात आणि डोळ्यात दोन्हीकडे वाढतो.

मोठ्या साथी अनेकदा एन्टेरोव्हायरस गटातील विषाणूंमुळे येतात. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती. पुणे जिल्ह्यातील आळंदी परिसरात सुरुवातीलाच शाळकरी मुलांमध्ये मोठ्या संख्येने रुग्ण आढळले होते. अॅडिनोव्हायरसची लक्षणे संसर्गानंतर साधारण पाच ते बारा दिवसांनी दिसतात, तर एन्टेरोव्हायरसची एक-दोन दिवसांतच. त्यामुळे दुसरी साथ अचानक भडकल्यासारखी वाटते.

साध्या आजाराचा क्रम कसा असतो?

समजा, डोंबिवलीहून रोज लोकलने ठाण्याला जाणाऱ्या एखाद्याला सोमवारी सर्दी झाली. बुधवारी एक डोळा लाल झाला, त्यातून पाणी येऊ लागले, वाळू गेल्यासारखे खुपू लागले. शुक्रवारी दुसरा डोळाही आला. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. कानापुढची गाठ दाबल्यास दुखते. पण डोळे धुतल्यावर मोबाइलवरची अक्षरे पूर्वीइतकीच स्पष्ट दिसतात. हा विषाणूजन्य संसर्गाचा नेहमीचा क्रम आहे. पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतो आणि एक ते दोन आठवड्यांत उतरतो. स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या आणि डोळे ओले ठेवणारे साधे थेंब एवढे बहुधा पुरते.

दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज आणि शिंका असतील, पण ताप नसेल, तर ॲलर्जीची शक्यता जास्त. दिवसभर घट्ट पिवळा-हिरवा पू येत असेल तर जिवाणूसंसर्ग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके लागतात.

दुकानातून थेंब आणले तर?

प्रतिजैविक थेंबांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. खरा धोका स्टेरॉइड मिसळलेल्या थेंबांचा आहे. ते घातल्यावर लाली लवकर उतरते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. मात्र लालीचे कारण नागिणीच्या जातीचा हर्पीस विषाणू असेल, तर स्टेरॉइडमुळे तो बुबुळावरील पारदर्शक पडद्यात पसरतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. असे थेंब बराच काळ वापरल्यास डोळ्यातील दाबही वाढतो. घरातील दुसऱ्या रुग्णाची उरलेली बाटली वापरू नये, याचे कारणही हेच. शिवाय त्या बाटलीच्या टोकाला विषाणू लागलेला असू शकतो.

डॉक्टरकडे कधी जावे?

केवळ खुपणे आणि खरे दुखणे यांत फरक आहे. पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे :

- डोळा आतून ठणकणे किंवा उजेड सहन न होणे
- डोळे धुऊनही धूसर दिसणे
- बुबुळावर पांढरा ठिपका
- कपाळ, पापणी किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड
- डोळ्याभोवती सूज आणि ताप, डोळा हलवताना दुखणे
- डोळ्याला मार लागणे, रसायन उडणे (यात आधी भरपूर पाण्याने धुवावे)
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे (लेन्स लगेच काढावी)
- महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यातून पू येणे

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. अॅडिनोव्हायरसच्या काही रुग्णांत लाली उतरत असतानाच, दुसऱ्या आठवड्यात, बुबुळावरील पडद्यात बारीक ठिपके उठतात. दिव्याभोवती वलये दिसतात, अक्षरे पुसट होतात. बरे वाटत असताना नजर बिघडली, तर पुन्हा तपासणी हवी. लक्षणे दोन आठवड्यांनंतरही राहिली तरीही. ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

घरातल्यांना लागण कशी टाळावी?

रुग्णाकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, संसर्ग थांबवत नाही. विषाणू हाताने, टॉवेल-उशीने आणि लोकलमधील दांडीसारख्या वस्तूंवरून डोळ्यापर्यंत पोहोचतो. या विषाणूंवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा भरवसा कमी, साबण-पाण्याचा जास्त. रुग्णाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवून रोज धुवावा. डोळ्यांतून पाणी येत आहे तोपर्यंत शाळा, पोहणे आणि शक्य असल्यास गर्दीचा प्रवास टाळावा.